आकृतीचे गुण कुठे मिळतात आणि कुठे निसटतात

बारावीच्या जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आकृत्यांवरून दोन टोकांचे विद्यार्थी दिसतात. एक जण प्रत्येक उत्तराखाली काहीतरी रेखाटून ठेवतो. दुसरा आकृती विचारली असली तरी ती सर्वांत शेवटी, घाईघाईने, उरलेल्या जागेत कोंबतो. दोघांचेही गुण जातात आणि ते नेमके कशामुळे गेले हे दोघांनाही कळत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाची प्रश्नपत्रिका समोर ठेवून हे समजून घेता येते, कारण तिच्यात आकृतीला कुठे जागा आहे हे बऱ्यापैकी ठरलेले असते.

लेखी परीक्षा 70 गुणांची, वेळ तीन तास. विभाग अ मध्ये दहा बहुपर्यायी आणि आठ अतिलघुत्तरी प्रश्न एकेका गुणाचे. विभाग ब मध्ये दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यांतले कोणतेही आठ सोडवायचे. विभाग क मध्ये तीन गुणांचे बारा, त्यांतले आठ. विभाग ड मध्ये चार गुणांचे पाच प्रश्न, त्यांतले तीन. म्हणजे एका गुणाला साधारण अडीच मिनिटे मिळतात. दोन गुणांच्या आकृतीला पाच मिनिटे, आणि त्यातच शेजारची नावेही लिहून व्हायला हवीत. आकृत्यांबद्दलचे बरेचसे गैरसमज या पाच मिनिटांचा हिशेब न केल्यामुळे टिकून आहेत.

गैरसमज : चित्रकला चांगली असेल त्यालाच आकृतीचे पूर्ण गुण

तपासणारा चित्राचा देखणेपणा पाहत नाही. तो चार गोष्टी पाहतो. विचारलेली रचना तीच आहे का, तिचे भाग आपापल्या जागी आहेत का, भागांचे एकमेकांशी असलेले प्रमाण ढोबळपणे बरोबर आहे का, आणि नावाची रेघ त्या भागाला टेकली आहे का. सुबक या शब्दाचा परीक्षेतला अर्थ स्वच्छ, एकेरी, न तुटलेली पेन्सिलची रेघ एवढाच आहे. पुन्हा पुन्हा गिरवून केसाळ झालेली रेघ सुबक नव्हे. छायांकन केलेली, रंगवलेली आकृतीसुद्धा नव्हे, कारण छायेखाली भागाची कड हरवते आणि तो भाग कुठे संपतो तेच कळत नाही.

हे एका आकृतीवर नीट पाहू. ॲनाट्रोपस ओव्ह्यूल, म्हणजे उलटे वळलेले बीजांड, ही वनस्पतींच्या प्रजननाच्या धड्यातली जुन्या प्रश्नपत्रिकांत पुन्हा पुन्हा येणारी आकृती आहे. ही नीट आली तर बाकीच्या कशा शिकायच्या तेही कळते.

सुरुवात बाहेरच्या कडेपासून करू नका. आधी पानावर सात-आठ सेंटिमीटर उंचीची जागा ठरवा आणि मधोमध एक उभा लंबगोल काढा. हा न्युसेलस. त्याच्याभोवती दोन आवरणे असतात, आतले आणि बाहेरचे इंटेग्युमेंट. आवरण म्हणजे एक थर असतो, म्हणून प्रत्येकासाठी दोन रेघा लागतात. येथे सर्वांत जास्त होणारी चूक अशी की विद्यार्थी या रेघा न्युसेलसभोवती पूर्ण वर्तुळासारख्या फिरवून बंद करतो. प्रत्यक्षात एका टोकाला ही आवरणे एकमेकांना मिळत नाहीत, तिथे अरुंद फट राहते. तीच मायक्रोपाइल, आणि बहुतेक वनस्पतींत परागनलिका तिथूनच आत शिरते. फट न ठेवता बाहेर नुसते मायक्रोपाइल असे नाव लिहिले, तर ते नाव आकृतीत नसलेल्या भागाचे होते. उलट टोकाला दोन्ही आवरणे न्युसेलसला चिकटून एकरूप होतात. ते टोक चॅलाझा.

आता देठ, म्हणजे फ्युनिकल. बीजांड उलटे वळले आहे हे दाखवणारा भाग हाच. बीजांडाचे शरीर उलटे झाल्यामुळे मायक्रोपाइल देठाच्या शेजारी येते आणि चॅलाझा दूरच्या टोकाला जातो. काही पुस्तकांत मायक्रोपाइल पानाच्या खालच्या बाजूला दाखवलेले असते, काहींत वरच्या. दोन्ही चालते. मायक्रोपाइल आणि देठ एकमेकांजवळ असणे मात्र बदलत नाही. देठ चॅलाझाच्या टोकाला जोडला आणि मायक्रोपाइल त्याच्या बरोबर समोर दाखवले, तर ती सरळ, न वळलेल्या बीजांडाची, म्हणजे ऑर्थोट्रोपस ओव्ह्यूलची आकृती होते. कितीही सुंदर काढली तरी ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर राहत नाही. देठ जिथे बीजांडाच्या अंगाला टेकतो ती जागा हायलम.

शेवटी न्युसेलसच्या आत, मायक्रोपाइलच्या बाजूला सरकलेला भ्रूणकोश, एम्ब्रियो सॅक. त्यात सात पेशी आणि आठ केंद्रके असतात. मायक्रोपाइलजवळ तीन पेशी : मधली अंडपेशी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन सिनर्जिड. चॅलाझाच्या टोकाला तीन अँटिपोडल पेशी. मध्ये एकच मोठी पेशी आणि तिच्यात दोन पोलर न्युक्लिआय. या दोन केंद्रकांभोवती वेगळ्या पेशीभित्ती काढल्या की पेशी आठ होतात आणि आकृती चुकते. अंडपेशी चॅलाझाच्या टोकाला काढणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. परागनलिका मायक्रोपाइलमधून येते आणि एका सिनर्जिडमध्ये शिरते, हे ज्याला समजले आहे त्याच्याकडून ती होत नाही. कुठला भाग का तिथे आहे हे माहीत असणे हाच आकृती लक्षात ठेवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. हात साधारण असला तरी चालतो.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. ओव्ह्यूल विचारले तर पूर्ण बीजांड काढायचे आणि त्यात भ्रूणकोश लहानच येतो. फीमेल गॅमिटोफाइट किंवा एम्ब्रियो सॅक विचारले तर भ्रूणकोशच मोठा करून काढायचा, इंटेग्युमेंट आणि देठ लागत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाला पहिली आकृती काढली की आतल्या पेशी इतक्या बारीक होतात की नावांच्या रेघा टेकवायलाच जागा उरत नाही.

गैरसमज : आकृती काढली की त्याचे वेगळे गुण मिळतातच

वेगळे गुण प्रश्नाच्या शब्दांत लिहिलेले असतात. ते वाचायला शिकणे हाच जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचा मोठा फायदा. आकृतीशी संबंधित प्रश्न ढोबळ मानाने चार तऱ्हेने येतात.

पहिल्या प्रकारात आकृती हेच उत्तर असते. ड्रॉ किंवा स्केच अँड लेबल अशी सुरुवात असलेला, सहसा दोन गुणांचा प्रश्न. येथे वर्णन लिहिलेत तर वेळ गेला, गुण शून्य. कधी प्रश्नातच कोणतेही तीन किंवा चार भाग दाखवा असे म्हटलेले असते. अशा वेळी तेवढे भाग अचूक दाखवणे हे आकृतीइतकेच महत्त्वाचे असते.

दुसऱ्या प्रकारात आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा असे असते, तीन किंवा चार गुणांना. येथे आकृतीचे स्वतंत्र गुण असतात आणि वर्णनाचेही असतात. त्यामुळे केवळ आकृती देऊन थांबलेला आणि केवळ दोन परिच्छेद लिहिलेला, दोघेही अर्ध्यावर राहतात. चार गुणांना दहा मिनिटे धरली तर त्यातली चार-पाच मिनिटे आकृतीला द्यावीत आणि वर्णन आकृतीत न दिसणाऱ्या गोष्टींवर लिहावे. आकृतीत देठ दिसतोच. तो बीजांडाला बीजांडासनाशी जोडतो हे वर्णनात यायला हवे.

तिसरा प्रकार जिथे आकृतीचा उल्लेखच नाही. या ठिकाणी आकृतीला वेगळा रकाना नसतो. पण उत्तरात अपेक्षित असलेला एखादा मुद्दा आकृतीतून स्पष्ट दिसत असेल, तर तो मुद्दा धरला जाऊ शकतो. लॅक ओपेरॉनचे कार्य विचारले असता जनुकांचा क्रम दाखवणारी एक साधी ओळीतली आकृती तीन वाक्ये वाचवते. याउलट व्याख्या किंवा फरक विचारला असताना खाली हृदय काढणे म्हणजे दुसऱ्या प्रश्नाची पाच मिनिटे खर्च करणे.

चौथ्या प्रकारात आकृती छापलेलीच असते आणि ए, बी अशी अक्षरे कोणत्या भागांची ते ओळखायचे असते. येथे काढण्याचा नव्हे, ओळखण्याचा सराव लागतो, आणि तो फार थोडे जण करतात. स्वतः एकाच दिशेने आकृती काढत राहिलेल्या विद्यार्थ्याला तीच आकृती वळवून छापली तर भाग सापडत नाहीत. म्हणून एकदा तरी दुसऱ्या पुस्तकातली, वेगळ्या दिशेने असलेली आकृती घेऊन नावे लिहून पाहावीत.

गुणविभागणी कशी असते याचा अंदाज हवा असेल तर केंद्रीय मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, उत्तरसूची पाहाव्यात. त्या खुल्या असतात. नामनिर्देशाच्या प्रश्नांत तेथे अर्धा गुणिले चार, अर्धा गुणिले सहा अशी नोंद आढळते, म्हणजे प्रत्येक बरोबर नावाला अर्धा गुण. राज्य मंडळाच्या प्रत्येक प्रश्नाला हीच पट्टी लागते असे मात्र धरू नये. तपासनिसांकडे त्या त्या प्रश्नपत्रिकेची आदर्श उत्तरे असतात आणि विभागणी त्यानुसार होते. एवढे मात्र नक्की की नावे नसलेली आकृती अर्धवट उत्तर आहे.

गैरसमज : जितक्या जुन्या प्रश्नपत्रिका तितका सराव पक्का

हा गैरसमज सर्वांत जास्त वेळ खातो, आणि तो वेळ ऐन जानेवारी-फेब्रुवारीत जातो.

राज्य मंडळाचा बारावीचा सध्याचा जीवशास्त्राचा अभ्यासक्रम 2020-21 या वर्षापासून लागू झाला. 2021ची लेखी परीक्षा कोविडमुळे रद्द झाली. म्हणून या अभ्यासक्रमावरची पहिली लेखी परीक्षा 2022ची, आणि तीही त्या वर्षी कमी केलेल्या अभ्यासक्रमावर. त्याआधीच्या प्रश्नपत्रिकांचा साचाच निराळा होता. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र असे 35-35 गुणांचे दोन विभाग, त्यांच्या उत्तरपत्रिकाही स्वतंत्र, आणि सात गुणांचा दीर्घोत्तरी प्रश्न. सात गुणांच्या उत्तरात मोठी, तपशीलवार आकृती बसत असे. आज सर्वांत मोठा प्रश्न चार गुणांचा आहे, त्यामुळे तेवढ्या तपशिलाला वेळही नाही आणि गुणही नाहीत.

त्याहून महत्त्वाचा फरक धड्यांचा आहे. जुन्या अभ्यासक्रमात उत्सर्जन बारावीत होते, म्हणून नेफ्रॉनची आकृती जुन्या प्रश्नपत्रिकांत हमखास दिसते. प्रकाशसंश्लेषण आणि पेशीय श्वसनही बारावीत होते, म्हणून हरितलवक आणि तंतुकणिका यांच्या आकृत्या दिसतात. हे विषय आता अकरावीत आहेत. जुन्या संचावरून महत्त्वाच्या आकृत्यांची यादी करणारा विद्यार्थी या तीन आकृत्या मनापासून पाठ करतो, आणि बारावीच्या प्रश्नपत्रिकेत त्यांना जागाच नसते. नीटसाठी हे विषय लागतात, हे खरे. पण तिथे आकृती काढायची नसते.

उलट सध्याच्या पुस्तकात वनस्पती आणि पाणी असा स्वतंत्र धडा आहे. मूलरोम, पर्णरंध्र अशा आकृत्या त्यातून येतात, आणि 2020च्या आधीच्या संचात त्या शोधून सापडणार नाहीत.

तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या त्या 2022पासूनच्या, फेब्रुवारी-मार्चच्या आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेच्याही. पुरवणीच्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी बाजूला टाकतात, पण त्याही त्याच मंडळाच्या आणि त्याच साच्याच्या असतात. वहीच्या एका पानावर चार रकाने करा : आकृतीचे नाव, प्रश्नाचे नेमके शब्द, गुण, आणि वरच्या चार प्रकारांपैकी प्रकार. उत्तरे न लिहिता केवळ हे रकाने भरत गेलात तर एका प्रश्नपत्रिकेला फार वेळ लागत नाही. ॲनाट्रोपस ओव्ह्यूल एका ठिकाणी केवळ काढायला दोन गुणांना, दुसऱ्या ठिकाणी वर्णनासह चार गुणांना, तिसरीकडे छापून अक्षरे ओळखायला, असे एकाच आकृतीचे वेगवेगळे रूप या पानावर समोर येते. वनस्पतींच्या प्रजननात परागकोशाचा आडवा छेद आणि भ्रूणकोश, प्राण्यांच्या प्रजननात शुक्रपेशी आणि अंडाशयाचा छेद, रक्ताभिसरणात हृदयाचा उभा छेद, रेण्वीय आनुवंशिकतेत डीएनए प्रतिकृती आणि लॅक ओपेरॉन, रोगप्रतिकारात अँटिबॉडीची रचना : या आकृत्यांपासून पान सुरू करायला हरकत नाही. पण शेवटचा शब्द तुमच्या रकान्यांचा, कोणाच्या तयार यादीचा नाही.

विभाग ब मध्ये बारांतले आठ निवडायचे असतात, ही गोष्ट येथे कामाची आहे. केवळ आकृतीचा दोन गुणांचा प्रश्न आला आणि ती आकृती पक्की असेल, तर तो सोडू नये. वर्णनात एखादा मुद्दा राहून जातो. आकृतीत काय अपेक्षित आहे ते आधीच ठरलेले असते.

गैरसमज : नावे जितकी जास्त तितके बरे

चार नावे मागितली असताना बारा लिहिणाऱ्याची चार बरोबर असली तरी बाकीच्यांतली एखादी चूक उघड दिसते आणि तपासणाऱ्याला शंका येते. शिवाय रेघांची गर्दी होते. बरोबर माहीत असलेलीच नावे लिहा, आणि मागितली त्याहून एखादे जास्त असू द्या.

नावांच्या रेघा पट्टीने, आडव्या, शक्यतो एकाच बाजूला काढाव्यात. रेघ भागाच्या आत टेकली पाहिजे. तिच्या शेजारी थांबली तर ती दोन भागांपैकी कोणाची हे कळत नाही, आणि इंटेग्युमेंटसारख्या अरुंद थरात हे वारंवार घडते. रेघा एकमेकींना छेदू नयेत. टोकाला बाण काढू नये. हृदयाच्या आकृतीत रक्ताच्या प्रवाहाची दिशा बाणाने दाखवतात, आणि नावाच्या रेघेलाही बाण असला की दोहोंचा गोंधळ होतो.

हृदयाच्या आकृतीत आणखी एक मोठी चूक होते. आकृती समोरून पाहिलेल्या हृदयाची असते, म्हणून हृदयाची उजवी बाजू पानावर आपल्या डावीकडे येते. विद्यार्थी पानाच्या डावीकडे डावे अलिंद असे लिहितो आणि एका चुकीत चारही कप्पे चुकतात. पडताळा सोपा आहे : ज्या निलयाची भिंत जाड काढली आहे ते डावे, कारण त्याला रक्त सर्व शरीरात ढकलायचे असते. महाधमनी तिथूनच निघाली पाहिजे.

परागकोशाच्या छेदात अशीच एक विसंगती डोकावते. कोवळ्या परागकोशात आतून टॅपेटमचा थर असतो आणि त्याच्या आत बीजाणुजनक ऊती. पक्व परागकोशात टॅपेटम विरलेला असतो आणि आत परागकण असतात. एकाच कप्प्यात ठसठशीत टॅपेटम आणि पूर्ण तयार परागकण दाखवले की दोन वयांची आकृती एक होते. प्रश्नात कोवळा म्हटले आहे की पक्व, ते वाचूनच पेन्सिल उचलावी.

गैरसमज : पुस्तकात पाहून दहा वेळा काढली की आकृती आली

पाहून काढताना डोळा पुस्तकातून वहीकडे रेघ वाहून नेतो, आठवण्याचे काम होतच नाही. परीक्षेत मात्र तेवढेच काम असते. आकृती एकदा नीट पाहून समजून घ्या, पुस्तक मिटा, घड्याळ लावून कोऱ्या कागदावर काढा, मगच पुस्तक उघडा आणि चुका लाल पेनाने दाखवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे ते केवळ लाल खुणा. पाच मिनिटांत होत नसेल तर आकृती मोठी होत आहे किंवा अनावश्यक तपशील येत आहेत. परागकोशात प्रत्येक पेशी काढायची गरज नसते, एका कप्प्यात थर दाखवून बाकीचे तीन रूपरेषेत सोडले तरी भाग स्पष्ट दिसतात.

पेन्सिल टोकदार हवी आणि एकाच कडकपणाची, साधी एचबी पुरते. उत्तरपत्रिकेत आकृती पेन्सिलने काढावी. आकृतीखाली तिचे नाव न विसरता लिहावे : हा आडवा छेद की उभा, कशाचा, हे नावातूनच कळते. आकृतीसाठी जागा सोडून पुढे जाण्याची सवय मोडा. शेवटच्या दहा मिनिटांत त्या जागा भरताना हात थरथरतो आणि एखादी जागा रिकामीच राहते. ज्या प्रश्नाची आकृती, ती त्याच प्रश्नाच्या वेळी.

2022पासूनच्या प्रश्नपत्रिका मिळवून तो चार रकान्यांचा कागद याच आठवड्यात तयार करा, आणि त्यातल्या सर्वांत जास्त वेळा आलेल्या पाच आकृत्या पुस्तक मिटून, घड्याळ लावून काढायला सुरुवात करा.